एकोणीस वर्षांनंतर शाळेतल्या मैत्रिणीला पत्र, आणि सोबत चार दगड

पेठेतली (धागाकर्ती)

नमस्कार. एका पत्राच्या मसुद्यावर आपले मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही दोघी कोल्हापुरात पाचवी ते दहावी एकाच बाकावर बसलो. सातवीत असताना, म्हणजे 1994 साली, भूगोलाच्या तासाला बाईंनी तिला उभे करून पंचगंगेच्या पाच नद्या विचारल्या. तिने कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी चार नावे घडाघडा सांगितली आणि ती थांबली. बाई म्हणाल्या, "पाचवी?" सरस्वती गुप्त आहे एवढे तिला आठवत होते, पण 'गुप्त' हा शब्द काही केल्या आठवेना. तिने हात मागे बांधून शांतपणे सांगितले, "बाई, पाचवी आज गैरहजर आहे." बाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून आमच्यापैकी जी शाळेत येणार नाही ती 'सरस्वती' झाली. संध्याकाळी घरी येऊन "काय गं सरस्वती, ताप उतरला का?" असे विचारायचे, ही रीतच पडली.

2006 मध्ये तिची आई गेली. मला आठ दिवसांनी कळले. त्या वेळी ती लग्न होऊन नागपूरला गेलेली होती. मी पत्र लिहायला बसले आणि लिहिलेच नाही. त्यानंतर आमचे एकदाही बोलणे झाले नाही. भांडण काहीच नव्हते.

आता एका वर्गमैत्रिणीकडून तिचा पत्ता मिळाला आहे. चार नद्यांतून एकेक दगड आणून ते पितळी पंचपाळ्यात ठेवायचे आणि पाचवी वाटी रिकामी सोडायची, अशी भेट मनात आहे. सोबतच्या पत्राचा मसुदा असा:

"प्रिय मैत्रीण, स.न.वि.वि. पत्र लिहिण्यास कारण की, गेली अनेक वर्षे कामाच्या व्यापात व संसाराच्या धबडग्यात संपर्क राहिला नाही, त्याबद्दल क्षमस्व. सोबत एक छोटीशी भेट पाठवीत आहे. सातवीत बाईंनी नद्या विचारल्या तेव्हा तू पाचवी गैरहजर आहे असे म्हणाली होतीस, ते आठवून ही भेट तयार केली आहे. चार वाट्यांत चार नद्यांचे दगड असून पाचवी वाटी रिकामी आहे, कारण पाचवी गैरहजर आहे. आईंबद्दल कळले होते, फार वाईट वाटले. पत्राचे उत्तर अवश्य पाठव व तुझा मोबाइल क्रमांक कळव."

हे वाचून मलाच समाधान होत नाही, पण नेमके काय चुकते आहे ते सापडत नाही.

गुऱ्हाळ

कोल्हापूरहून भेट पाठवायची तर गुळाची एक किलोची ढेप आणि कापशी चपलांचा जोड यांना तोड नाही. नागपूरला माझा भाऊ असतो, त्याला मी दर संक्रांतीला पाठवतो. चपलेचा माप-क्रमांक मात्र आधी विचारून घ्यावा.

पेठेतली

गुऱ्हाळ, आभारी आहे. पण भेट काय द्यावी हा प्रश्न नाही. गूळ तिला कोणीही पाठवू शकेल. हे दगड फक्त मीच पाठवू शकते.

निळी शाई

मी काही वर्षे एका वृद्धाश्रमात आठवड्यातून दोनदा जाऊन तिथल्या आजी-आजोबांची पत्रे लिहून देत असे. खंड पडलेल्या नात्यांची पत्रे त्यांत पुष्कळ असत, त्यामुळे तुमचा मसुदा वाचताना अनेक चेहरे डोळ्यांपुढे आले.

पहिली अडचण कारणाची आहे. 'कामाच्या व्यापात' हे तुमचे खरे कारण नाही. तुम्ही धाग्यात जे लिहिले आहे, की मी लिहायला बसले आणि लिहिलेच नाही, ते खरे आहे. ते वाचताना मी थांबले. मसुद्यातले कारण वाचून कोणीही थांबणार नाही, कारण ते वाक्य प्रत्येक घरात प्रत्येकाने वापरलेले असते. तुमच्या मैत्रिणीने एकोणीस वर्षे कधी ना कधी स्वतःला विचारले असेल, की हिने का लिहिले नाही. त्या प्रश्नाला तयार छापाचे उत्तर मिळाले तर तिला वाटेल, हिला अजूनही सांगायचे नाही.

दुसरी अडचण क्रमाची आहे. आईंचा उल्लेख विनोदानंतर आला आहे आणि त्याच्या पाठोपाठ मोबाइल क्रमांक मागितला आहे. जे देणे सर्वांत जुने आहे ते पत्रात सर्वांत आधी यायला हवे. ते एका वाक्यात उरकूही नये. काकूंविषयी तुम्हाला आठवणारी एखादी लहानशी गोष्ट लिहा, जी त्यांच्या मुलीखेरीज फक्त तुम्हालाच माहीत असेल. 'फार वाईट वाटले' हे त्यांना कधीही न पाहिलेला माणूसही लिहू शकतो.

तिकटी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. सांत्वनाचे पत्र आणि विनोदाची भेट एकाच पुडक्यात जाऊ नये, असे मला वाटते. आधी फक्त पत्र पाठवा. तिचे उत्तर आले, तर महिन्याभराने दगड पाठवा. माझ्या वडिलांच्या पश्चात एका मित्राने चार ओळींचे पत्र पाठवले आणि त्याच पाकिटात आमच्या सहलीचा एक गमतीचा फोटो घातला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण त्या दिवशी मला तो फोटो पाहवला नाही.

निळी शाई

तिकटी, तुमच्याकडे ते पत्र दुःख ताजे असताना आले होते. इथे एकोणीस वर्षे झाली आहेत. पेठेतलींच्या मैत्रिणीने ते दुःख केव्हाच आपल्या परीने सोसून घेतले असणार. आता नुसते सांत्वनाचे पत्र आले, तर उलट तिला पुन्हा शोकाच्या आसनावर बसवल्यासारखे होईल आणि उत्तर काय द्यावे हे तिला सुचणार नाही. दगडांमुळे तिला उत्तर द्यायला एक दुसरी वाट मिळते. आईविषयी लिहिणे जमले नाही, तरी दगडांविषयी लिहिता येईल.

तिकटी

हे मला पुरते पटलेले नाही. पण निदान दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गुंडाळाव्यात, म्हणजे पत्र वाचून झाल्यावर डबा केव्हा उघडायचा हे तिच्या हाती राहील.

उत्तरेश्वर

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मला तीन वर्षांपूर्वी एका शाळूसोबत्याकडून टपालाने एक लाकडी भोवरा आला. सोबत चिठ्ठी होती, "ओळख बघू!" एवढीच. मला काही म्हणजे काहीच आठवले नाही. बायकोला विचारले, भावाला विचारले, जुने गणपतीतले फोटो काढून पाहिले. त्याला फोन करून 'हे काय आहे' असे विचारायची लाज वाटली, म्हणून मी फोनच केला नाही. तो भोवरा अजून कपाटात आहे. त्या बिचाऱ्याला वाटत असेल, मला त्याची किंमत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की विनोद पत्रात नीट उलगडून सांगावा. पेठेतलींनी तो सांगितला आहे ते बरोबरच आहे.

पेठेतली

उत्तरेश्वर, तुमची हकिकत वाचून पोटात कालवले. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. 'गैरहजर' हा शब्द तिच्या तोंडचा होता, पण एवढी वर्षे तो जपून ठेवला तो मी. कदाचित तिला ते वाक्य आठवतही नसेल.

निळी शाई

उत्तरेश्वर अर्धे बरोबर आहेत. पत्र मिळणाऱ्याला परीक्षेला बसवू नये, आणि 'ओळख बघू' हे परीक्षेला बसवणेच झाले. पण त्यावर उपाय म्हणून सगळा प्रसंग लिहून काढला, तर तिला आठवण्याचा आनंद मिळत नाही. 'पाचवी वाटी रिकामी आहे, कारण पाचवी गैरहजर आहे' या वाक्यात 'कारण' आले आणि गंमत संपली. दगडांना नावे द्या. प्रत्येक दगडाखाली नदीचे नाव लिहिलेली कागदाची पट्टी ठेवा, आणि रिकाम्या जागेत 'सरस्वती' एवढीच पट्टी ठेवा. चार नावे वाचून पाचव्या पट्टीपाशी आली, की तिला आठवायचे असेल तर तिथेच आठवेल. नाहीच आठवले, तरी पंचगंगेच्या नद्यांचे दगड गावाकडून आले आहेत हे तिला कळेल आणि ओशाळे होण्याचे कारण राहणार नाही. भेट अशी असावी, की विनोद विसरलेल्या माणसाच्या हातीही ती निरर्थक वाटू नये.

पत्रात शाळेचा फक्त एखादा शब्द येऊ द्या. भूगोलाचा तास, हजेरी, असे काहीतरी. त्या एका शब्दाने दार किलकिले होते.

सोनतळी

मी चिखलीचा. नदीबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण दगड आणायला तुम्ही बहुतेक प्रयाग संगमावर याल असे वाटते.

एक तर चारही नद्या आमच्या संगमावर वेगवेगळ्या येऊन मिळत नाहीत. तुळशी वरच भोगावतीला मिळून जाते. त्यामुळे संगमावर उभे राहून हा तुळशीचा दगड, हा भोगावतीचा, असे म्हणता येणार नाही. दुसरे म्हणजे इथे दगड मिळणेच कठीण आहे. आमच्याकडे नदी गाळ आणते, काठाला सगळी काळी माती आणि मळी. गुळगुळीत गोटे हवे असतील तर वर जावे लागेल. कासारीसाठी बाजारभोगाव, तुळशीसाठी धामोडच्या धरणाखाली, भोगावतीसाठी राधानगरी आणि कुंभीसाठी गगनबावड्याच्या वाटेवर. आता नोव्हेंबर आहे, पाणी ओसरले आहे, त्यामुळे पात्राच्या कडेला उतरता येते. तरी धरणाखाली उतरण्यापूर्वी गावात विचारून घ्या, कारण पाणी सोडतात तेव्हा ते झपाट्याने चढते.

आणखी एक. लालसर जांभ्याचा तुकडा दिसायला सुंदर असतो, पण तो घेऊ नका. तो भुसभुशीत असतो. नागपूरला पोहोचेपर्यंत डब्यात लाल भुकटी होईल. काळा, गोल झालेला गोटाच घ्या.

पेठेतली

सोनतळी, मी खरोखरच रविवारी संगमावर जाऊन चारही दगड तिथलेच उचलणार होते. तुमच्यामुळे ती चूक टळली. तिने नद्यांची नावे अचूक सांगितली होती. मीच खोटे दगड पाठवले असते तर फार वाईट झाले असते.

हळदीकुंकू

इतका वेळ वाचत होते, पण पंचपाळ्याबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते. पंचपाळे हे हळदीकुंकवाचे पात्र आहे. एकोणीस वर्षांत तिच्या संसारात काय झाले आहे हे तुम्हाला माहीत आहे का? तिचे मालक हयात नसतील, किंवा ती त्यांच्यापासून वेगळी राहत असेल, तर पार्सल उघडताच पहिली नजर पंचपाळ्यावर जाईल. दगड, नद्या, विनोद सगळे नंतर. मी स्वतः या परिस्थितीत आहे म्हणून सांगते. मला कोणी पंचपाळे पाठवले, तर पाठवणारीचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी मी तो डबा आधी बंद करीन. आम्ही आता हळदीकुंकू सगळ्यांनी सगळ्यांना लावावे असे मानतो, ते ठीकच आहे. पण तुमची मैत्रीण काय मानते ते तुम्हाला ठाऊक नाही.

पेठेतली

ताई, मनापासून आभार. पाच वाट्या आहेत एवढ्यावरून मला ते सुचले होते. त्याचा दुसरा अर्थ माझ्या मनाला शिवलाही नाही. पंचपाळे रद्द केले. ओळखीच्या सुतारकाकांकडून पाच खणांची साधी सागवानी पेटी करून घेते.

निवृत्त टपाल

टपाल खात्यात बत्तीस वर्षे काढली आहेत, म्हणून पाठवण्याचे सांगतो.

दगड पाठवताना वजनापेक्षा त्यांच्या हलण्याचा त्रास अधिक होतो. पन्नास ग्रॅमचा गोटा पेटीत मोकळा राहिला, तर प्रत्येक धक्क्याला तो पेटीची भिंत आतून ठोकतो आणि खिळा ढिला होतो. प्रत्येक खणात खाली आणि वर कापूस दाबून बसवा. झाकण लावल्यावर पेटी कानाशी धरून हलवा, आवाज आला तर आणखी कापूस घाला. रिकाम्या खणातही कापूस भरावा लागेल, नाहीतर शेजारचा दगड पातळ फळी सरकवून तिथे येतो. पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोक्याच्या सहाही बाजूंना दोन बोटे जाडीचा कागदाचा बोळा.

पत्र पेटीच्या आत ठेवू नका. नदीचा दगड वरून कोरडा दिसला तरी ओल धरून असतो. जेलपेनची शाई ओलीने फुटते. साध्या बॉलपेनने लिहा आणि पाकीट पेटीच्या वर, खोक्याचे झाकण उघडताच दिसेल असे ठेवा. म्हणजे तिकटींनी सुचवलेला क्रमही साधतो.

गुऱ्हाळ

माझे सांगणे असे, की रजिस्टर करून पोचपावती जोडावी. तिच्या सहीची पावती परत आली, की निदान पार्सल तिच्याच हाती पडले याची खात्री होते.

निवृत्त टपाल

गुऱ्हाळ, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टनेच पाठवायचे. पार्सल कुठवर गेले हे पावतीवरच्या क्रमांकावरून पाहता येते, तेवढी खात्री पुरेशी आहे.

पोचपावतीविषयी मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे, की ती घेऊ नका. पोचपावतीचे टपाल हाती आले की लोकांचा चेहरा कसा बदलतो, हे मी हजारो दारांत पाहिले आहे. कोर्टाची नोटीस, बँकेची नोटीस, भाऊबंदकीतल्या जमिनीचा वाद, याच गोष्टी तशा येतात. सही करताना माणसाचा हात आखडतो. एकोणीस वर्षांनी मैत्रिणीचे नाव तिच्या दारात तशा रीतीने जाऊ नये.

उत्तरेश्वर

मग पत्र अंतर्देशीयावर वेगळे लिहून आधी टाकावे का? जुन्या दिवसांची आठवणही होईल.

निवृत्त टपाल

अंतर्देशीय पत्र चांगलेच, पण ते आणि पार्सल एकाच दिवशी पोहोचतील याचा भरवसा नाही. पार्सल आधी गेले, तर तिच्या हाती नुसते दगड पडतील. तुमच्या भोवऱ्यासारखी गत होईल.

संध्याकाळची बस

भाषेबद्दल कोणी लिहिले नाही. 'स.न.वि.वि.' आणि 'पत्र लिहिण्यास कारण की' हे वाचून ती तुम्हाला ओळखेल का? आपल्याकडच्या मुली शाळेत 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' असेच बोलतात. मी पुण्यात राहायला आले तेव्हा वसतिगृहातल्या मुली त्यावरून मला चिडवत आणि मी सहा महिन्यांत 'मी आले' म्हणायला शिकले. पण आजही कोल्हापूरच्या मैत्रिणीचा फोन आला की पहिल्याच वाक्यात 'आलो' येते. तुमची मैत्रीण इतकी वर्षे नागपुरात आहे. तिच्या कानावर ते 'मी करतो' कित्येक वर्षांत पडले नसेल. पूर्ण पत्र तसेच लिहा. मला वाटते तिला दगडांपेक्षा तेच अधिक भिडेल.

निळी शाई

ही सूचना फार मोलाची आहे, पण पूर्ण पत्र तसे लिहू नये असे मला वाटते. बोलताना आपण ते सहज बोलतो. कागदावर पानभर उतरले, की ते मुद्दाम केल्यासारखे दिसते. विशेषतः काकूंविषयीच्या परिच्छेदात तर ते नकोच. एखाद्याच ठिकाणी, ज्या वाक्यात पेठेतलींना स्वतःलाही लिहिताना तसेच ऐकू येईल, तिथे येऊ द्या.

संध्याकाळची बस

मी असहमत आहे. ती आपली भाषा आहे, पाहुणी म्हणून एका वाक्यात बोलवायची चीज नाही. पण पत्र पेठेतलींचे आहे.

रेणुका वाट

मला एक गोष्ट सुचली ती सांगते. खरी गैरहजर सरस्वती तर इतकी वर्षे पेठेतली स्वतःच होत्या. आणि सरस्वती दिसत नसली तरी खालून वाहतच असते, अशी श्रद्धा आहे. हे पत्रात सुंदर मांडता येईल.

निळी शाई

रेणुका वाट, हे खरेच सुंदर आहे, आणि म्हणूनच ते पत्रात लिहू नये असे मला वाटते. पेठेतलींनी स्वतः ते लिहिले, तर न लिहिण्याच्या चुकीला त्या स्वतःच छान रूप देत आहेत असे होईल. चूक झाली आहे, ती चूक म्हणूनच लिहावी. रिकामा खण पाहून मैत्रिणीला ते सुचले, तर ते तिचे. ती रागावलेली असेल आणि तिला ते सुचले नाही, तर तेही तिचे.

आणि उत्तर मागू नका. 'उत्तर अवश्य पाठव' हे वाक्य आपुलकीने लिहिलेले असते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यावर ते कर्ज होऊन बसते. तुमचा पत्ता लिहा, तेवढे पुरे.

पेठेतली

दोन रविवार गेले. चारही दगड आणले. बाजारभोगावला कासारीचा मिळाला, तो हाताच्या तळव्याएवढा चपटा आहे. धामोडला एका मामांनी स्वतः काठापर्यंत सोबत येऊन तुळशीचा काढून दिला आणि पैसे विचारले तर रागावले. भोगावतीचा सर्वांत काळा आहे. कुंभीच्या दगडावर एक पांढरी बारीक शीर आहे. सुतारकाकांनी पेटी केली आहे, तिला पॉलिश केलेले नाही.

पत्र पाच वेळा लिहिले. आता असे आहे:

"प्रिय —,

काकू गेल्याचे मला 2006 मध्ये आठ दिवसांनी कळले. मी तुला पत्र लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि पुढे काय लिहावे हे न कळून तो कागद घडी करून ठेवला. पुढच्या महिन्यात वाटले की आता उशीर झाला. नंतर दर वर्षी तेच कारण पुरत गेले. दुसरे काहीही कारण नव्हते. मी लिहायला हवे होते, आणि लिहिले नाही.

मला लसूण चालत नसे, म्हणून काकू तुझ्या डब्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत बांधून देत. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची असायची आणि तिच्यावर पेन्सिलीने 'बिनलसणाची' असे लिहिलेले असायचे. ते अक्षर मला अजून दिसते. दहावीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशीही ती पुडी होती. मी कधी त्यांना भेटून त्याबद्दल काही बोलले नाही.

खालच्या पेटीत चार दगड आहेत. प्रत्येक दगड त्या त्या नदीवर जाऊन मी स्वतः आणला आहे. भूगोलाच्या बाईंना दाखवायला हवे होते. हजेरी तू घे.

माझा पत्ता तोच आहे. मी अजून पेठेतच राहतो.

तुझी,
(इथे बाकावरचे नाव लिहिले आहे, आडनाव नाही)"

निळी शाई

यातला एकही शब्द मी बदलणार नाही. 'हजेरी तू घे' हे वाचून मी खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले.

हळदीकुंकू

'बिनलसणाची' वाचून माझ्या आईचे अक्षर आठवले.

तिकटी

मी अजूनही पेटी महिन्याने पाठवली असती. पण हे पत्र माझ्या त्या मित्राने लिहिले असते, तर मी त्याला त्याच रात्री फोन केला असता.

संध्याकाळची बस

'राहतो' पाहिले. एकच असले तरी योग्य जागी आहे. माझा आग्रह मागे घेत नाही, पण समाधान झाले.

उत्तरेश्वर

पेठेतली, या धाग्यामुळे मी काल त्या भोवऱ्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि सरळ लिहिले, की मला आठवत नाही, तू सांग. त्याने अर्धा तास फोनवर सांगितले. भोवरा माझा नव्हताच, माझ्या धाकट्या भावाचा होता. त्याने आम्हा दोघांत गल्लत केली होती. आता आम्ही तिघे डिसेंबरात रंकाळ्यावर भेटणार आहोत.

एक शंका आहे. 'भूगोलाच्या बाईंना दाखवायला हवे होते' एवढ्याने तिला आठवेल ना?

पेठेतली

माहीत नाही. 'सरस्वती' ही पट्टी पाचव्या खणात ठेवली आहे, कापसाच्या वर. त्याहून अधिक सांगावेसे वाटत नाही. नाहीच आठवले, तर चार दगड आणि काकूंची चटणी तिच्याकडे पोहोचेल.

उद्या सकाळी टपाल कार्यालयात जाते. वर्गमैत्रिणीकडून पत्त्याची पुन्हा खात्री करून घेतली आहे. पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझे पूर्ण नाव आणि माहेरचे आडनाव, दोन्ही लिहिणार आहे.

निवृत्त टपाल

काउंटरवर तिचा मोबाइल क्रमांक विचारतील. नसेल तर नाही म्हणून सांगा, तुमचा द्या. पिनकोडचे सहाही अंक स्वतः वाचून पाहा.

सोनतळी

दगड किती दिवस वाळवलेत?

पेठेतली

तीन दिवस, खिडकीत.

सोनतळी

तीन दिवस कमी आहेत. गोटा आतून ओला राहिला, तर बंद पेटीत कापसाला बुरशी धरते आणि पट्टीवरचे नाव पुसट होते. आणखी चार दिवस उन्हात ठेवा. कुंभीच्या दगडाची पांढरी शीर नीट पाहा, तिथे बारीक भेग असेल तर ओल तिथेच राहते. सकाळी दगड गालाला लावून पाहा, गार ओलसर लागला तर अजून थांबा.

पेठेतली

आत्ता पाहिले. कुंभीचा ओलसर लागतो आहे. तिघांना आत घेतले, त्याला एकट्याला गच्चीवर ठेवला आहे. मग येत्या सोमवारी जाते.